कोटेशन गेलं आणि गिऱ्हाईक गप्प झालं: फॉलो-अपच्या मेलमध्ये लिहायचं तरी काय?

हवाबाण | १९ जुलै, सकाळ

नमस्कार मंडळी. मी पुण्यात स्क्रू कॉम्प्रेसरची डीलरशिप चालवतो. जूनमध्ये चाकणच्या एका कारखान्यातून एन्क्वायरी आली. शीटमेटलचं काम, शेजारी पावडर कोटिंगचा बूथ. आहेत ते दोन जुने पिस्टनचे कॉम्प्रेसर रडतखडत चालतात, लाइनचा दाब दुपारच्या वेळी ५.५ बारपर्यंत उतरतो, आणि दिवाळीनंतर दुसरा बूथ येतोय. मी स्वतः जाऊन पाहिलं, मेंटेनन्सच्या साहेबांशी दीड तास बोललो, चहा झाला. २७ जूनला ३७ किलोवॅटच्या मशीनचं कोटेशन पाठवलं. ७ बारच्या दाबाला २२५ सीएफएम हवा, किंमत साडेनऊ लाख अधिक जीएसटी, वैधता ३० दिवस.

त्यानंतर चिडीचूप. दोनदा फोन केला, एकदा "मीटिंगमध्ये आहे", एकदा उचललाच नाही. आज बाविसावा दिवस. मेल लिहून ठेवलाय, पाठवायच्या आधी इथे टाकतो (मूळ इंग्रजीत आहे, मराठी करून देतोय):

> विषय: जेंटल रिमाइंडर
> आदरणीय सर, आमच्या २७ जूनच्या कोटेशनबाबत आपल्याकडून अद्याप उत्तर मिळालेले नाही. कृपया आपला निर्णय लवकरात लवकर कळवावा. आम्ही आपल्याला सर्वोत्तम किंमत देऊ. माहितीसाठी कॅटलॉग पुन्हा जोडत आहे. आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत.

कसा वाटतो? मालकांना सीसीत ठेवू का?

घाऱ्या | १९ जुलै

आयडी वाचून आधी पोटाचं औषध विकता असं वाटलं.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर | १९ जुलै

ह्या लोकांना सरळ नोटीस द्या. एमएसएमई समाधान पोर्टलवर तक्रार टाका. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर आयकराच्या ४३बी(एच) खाली पैसे देईपर्यंत त्यांना तो खर्चच धरता येत नाही. आमचे सात लाख असेच मोकळे झाले. मेलमध्ये फक्त तो कलम क्रमांक टाका आणि मजा बघा.

हवाबाण | १९ जुलै

दादा, पैसे अडकलेले नाहीत. अजून ऑर्डरच नाही. कोटेशनला उत्तर येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

सीए_मंदार | १९ जुलै

फाउंड्रीवाले, तुमचे सात लाख कास्टिंगचे होते, तुम्ही उत्पादक आहात, म्हणून ते चाललं. हे डीलर आहेत. उद्यमवर नाव असलं तरी व्यापाऱ्याला त्या तरतुदीचं संरक्षण मिळत नाही. शिवाय मशीन ही भांडवली खरेदी, ती खर्चात पडतच नाही. तेव्हा पुढे कधी पैसे अडकले तरी तो कलम क्रमांक इथे कामाचा नाही.

हवाबाण, तुमच्या कामाची एक गोष्ट मात्र आहे. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरच्या आत ती चालू व्हायला हवी. तुमच्या मशीनला डिलिव्हरी किती?

हवाबाण | १९ जुलै

सहा ते आठ आठवडे. अरे वा, मग हेच टाकतो की मेलमध्ये!

सीए_मंदार | १९ जुलै

एक ओळ टाका, त्यावर डोलारा उभारू नका. साडेनऊ लाखांवर १५ टक्के म्हणजे एक लाख बेचाळीस हजार, उशीर झाला तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्मे. करात फरक अठरा हजारांच्या आसपास, आणि तोही बुडत नाही, पुढच्या वर्षांत हळूहळू मिळतो. अठरा हजारांसाठी कुणी कॉम्प्रेसर घेत नाही. ज्याला घ्यायचाच आहे त्याला तारीख ठरवायला ह्याचा उपयोग होतो, इतकंच.

रजनी_पर्चेस | १९ जुलै, रात्र

मी टेबलाच्या पलीकडे बसते. ऑटो कंपोनंटच्या कारखान्यात पर्चेसला चौदा वर्षं झाली. तुमचा मेल मला आला असता तर मी तो उघडून बंद केला असता, आणि त्यात माझा तुमच्यावर राग वगैरे काही नसता. त्यात मला करण्यासारखं काही नाहीये. "निर्णय कळवा" म्हणताय, पण निर्णय माझ्या हातात असता तर मी पहिल्याच आठवड्यात कळवला असता.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. तीन कोटेशनं आली की मी एक तक्ता करते, आम्ही त्याला सीएस म्हणतो. उभ्या रकान्यात तिघे पुरवठादार, आडव्या ओळींत हवा किती, कोणत्या दाबाला, ड्रायर, फिल्टर, टाकी, वाहतूक, बसवणी, हमी, पैशांच्या अटी. तो तक्ता भरला की प्लांट हेडकडे जातो, तिथून मालकांकडे. एखाद्याच्या रकान्यात दोन घरं रिकामी राहिली की तक्ता पुढे सरकत नाही. मग मी त्याला फोन करायला हवा, हे खरं. पण माझ्याकडे त्या दिवशी अकरा फोन असतात आणि कॉम्प्रेसर जुना का होईना, चालू असतो. फाईल ट्रेमध्ये जाते. तुम्हाला जी शांतता वाटते ती बहुतेक वेळा हा ट्रे असतो.

आता मला सांगा: तुमच्या कोटेशनमध्ये ड्रायर कुठे आहे? पावडर कोटिंगला कोरडी हवा लागते, म्हणजे तो लागणारच.

हवाबाण | १९ जुलै, रात्र

सहाव्या पानावर. "ऐच्छिक साहित्य" खाली. किंमत "विनंतीनुसार".

रजनी_पर्चेस | १९ जुलै, रात्र

मग मिळालं की उत्तर! दुसऱ्याने ड्रायरसकट किंमत दिली असेल तर तक्त्यात तो महाग दिसतो आणि तुमचं घर रिकामं दिसतं. पर्चेसवाला दोन्ही आकडे साहेबांसमोर ठेवू शकत नाही, कारण पहिलाच प्रश्न येणार, "हे सारखं आहे का?"

तुमच्या मेलने ती रिकामी घरं भरायला हवीत, म्हणजे मला तो तसाच पुढे पाठवता येईल. आणि मालकांना सीसी अजिबात नको. मी काम करत नाही असं तुम्ही माझ्या मालकाला सांगताय, असा त्याचा अर्थ होतो. पुढच्या एन्क्वायरीच्या यादीत तुमचं नाव राहणार नाही.

चार्वाक२ | २० जुलै

रजनीताईंचं पटलं, पण एक कडू शक्यता सांगायला हवी. तुम्ही तिसरे कोटेशनवाले असू शकता. ऑर्डर कुणाला द्यायची ते ठरलेलं असतं, ऑडिटच्या फाईलला तीन कागद लागतात म्हणून दोघांना कामाला लावतात. मी वेल्डिंग मशीनं विकतो, वर्षातून दहा-बारा वेळा हा मान मिळतो. ओळखायचं कसं? एन्क्वायरीतला मजकूर शब्दशः दुसऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून उचललेला असतो, "आज पाचपर्यंत पाठवा" असं असतं, आणि कुणी एकही प्रश्न विचारत नाही. अशांच्या मागे लागून उपयोग नसतो.

हवाबाण | २० जुलै

तसं वाटत नाही. दीड तास बोलले, खोलीत हवा खेळती राहील का ते विचारलं, मशीनच्या पायापर्यंत विषय गेला.

चार्वाक२ | २० जुलै

मग खरं गिऱ्हाईक आहे. पण बोलले मेंटेनन्सवाले, आणि कोटेशन पाठवलंत कुणाला?

हवाबाण | २० जुलै

...पर्चेसच्या आयडीवर. साहेबांनीच सांगितलं होतं तसं. त्यांना प्रत पाठवलीच नाही.

विंडोसीट | २० जुलै

अवांतर: कोटेशन पोचलंय हे नक्की का? जोडलेली फाईल केवढी होती? आमच्या कंपनीत १० एमबीच्या वरचं काही आत येत नाही, आणि पाठवणाऱ्याला परत आल्याचा निरोपही प्रत्येक वेळी जात नाही. आमच्या एका पुरवठादाराने तीन महिने रुसवा धरला होता, त्याचे सगळे मेल अडवलेल्या डब्यात पडून होते.

हवाबाण | २० जुलै

कोटेशन ४००केबी, कॅटलॉग १४ एमबी. एकाच मेलमध्ये. मेलो.

घाऱ्या | २० जुलै

बावीस दिवस विरह आणि पत्र टपालातच.

विंडोसीट | २० जुलै

नक्की तसंच झालंय असं नाही. पण खात्री करायला मेल कामाचा नाही, तोच तर अडकतोय. बोर्डावर फोन करून पर्चेसला विचारा, "कोटेशन क्रमांक अमुक तुमच्याकडे दिसतोय का?" फक्त एवढंच. निर्णयाचं काही विचारू नका. हो किंवा नाही म्हणायला कुणाला जड जात नाही.

हवाबाण | २० जुलै, दुपार

केला फोन. पोचलंय! कॅटलॉगसकट. बाई म्हणाल्या, "हो हो, आहे, प्रोसेसमध्ये आहे." म्हणजे रजनीताईंचा ट्रे.

बापू मिरजकर | २० जुलै, संध्याकाळ

मी युटिलिटीत ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. तुमचं मेलबिल राहू द्या, मला तुमचा २२५ चा आकडा कळलेला नाही. तो काढलात कसा?

हवाबाण | २० जुलै

बापू, दोन्ही जुन्या मशीनवर ७५-७५ सीएफएम लिहिलंय, दोन्ही दिवसभर अनलोड होत नाहीत, हवा भरणं थांबतच नाही. म्हणजे १५०. दाब पडतोय म्हणून थोडी वाढ, आणि नव्या बूथचे ४०-५०. धरले २१०, त्याच्या वरचं मशीन ३७ किलोवॅट.

बापू मिरजकर | २० जुलै, रात्र

हेच वाटलं होतं. आता ऐका.

दोन्ही मशीनं अनलोड होत नाहीत म्हणजे कारखान्याला तेवढी हवा लागते असं तुम्ही धरलं. त्यातली गळती किती हे कुणी पाहिलंय? शीटमेटलच्या शेडमध्ये प्रेसचे क्लच, ब्लो गन, जुने होज, क्लिप मारलेले जोड असतात. रविवारी उत्पादन बंद असताना एकच कॉम्प्रेसर चालू करा. मशीनांचे हवेचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा, काम मात्र एकाही मशीनवर नको. लाइन नेहमीच्या दाबाला भरली की तो अनलोड होईल, दाब खाली आला की परत लोड घेईल. घड्याळ लावून किती वेळ लोड आणि किती वेळ अनलोड ते पाच-सहा फेऱ्या लिहून घ्या. समजा तीन मिनिटं लोड, तीन मिनिटं अनलोड. म्हणजे कुणी काम करत नसताना त्याची निम्मी हवा भोकांतून जातेय. ७५ चे निम्मे, ३७ सीएफएम. आणि तो अनलोड झालाच नाही तर समजा की गळती त्या मशीनहून मोठी आहे.

एका सीएफएमला साधारण ०.१८ किलोवॅट धरा. ३७ म्हणजे पावणेसात किलोवॅट. दोन पाळ्या, वर्षाला ४,८०० तास धरले तर ३२ हजार युनिट. त्यांच्या बिलात युनिटला नऊ पडत असतील तर पावणेतीन-तीन लाख रुपये दरवर्षी फुस्स. नवं मशीन लावलंत तरी ही भोकं तशीच राहणार, उलट दाब वाढला की जास्त फुसफुसतील.

तुमच्या मेलमध्ये लिहायला ह्याहून चांगलं काय आहे? "येत्या रविवारी आमचा माणूस येऊन ही चाचणी करून देईल, तासाभराचं काम आहे." त्यांनी मशीन घेतलं नाही तरी कागद त्यांच्या हातात राहील.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर | २० जुलै, रात्र

बापू, गळती निघाली आणि बुजवली तर गिऱ्हाईक म्हणेल, मग मोठं मशीन कशाला? डीलरने आपल्याच पायावर धोंडा मारायचा?

बापू मिरजकर | २० जुलै, रात्र

म्हणेल. आणि ते खरंही असेल.

चार्वाक२ | २१ जुलै

मी ह्या वेळी फाउंड्रीवाल्यांच्या बाजूने. चाचणी फुकट करून द्यायची, आणि तोच कागद दाखवून ते दुसऱ्याकडून लहान मशीन घेणार. माझं असं दोनदा झालंय. मी तर सरळ लिहितो, "१ तारखेपासून किंमत ४ टक्के वाढतेय." हालचाल होते.

रजनी_पर्चेस | २१ जुलै

चार्वाक, तुमची १ तारीख दर महिन्याला येते, ते आम्हाला माहीत असतं. कंपनीचं सहीशिक्क्याचं परिपत्रक जोडलंत तर मी ते साहेबांना दाखवेन. नुसती ओळ असेल तर हसून सोडून देते.

चार्वाक२ | २१ जुलै

मार्चमध्ये नाही हसत कुणी. :)

घाऱ्या | २१ जुलै

आणि तो मेल लिहा की, "आपली फाईल बंद करत आहोत" असा! परदेशी सेल्सवाले लिहितात. लगेच उत्तर येतं म्हणे.

रजनी_पर्चेस | २१ जुलै

आमच्याकडे त्याचं उत्तर येतं, "ओके". लग्नाचं बोलणं चालू असताना मुलीकडच्यांनी रुसून फोन ठेवल्यासारखं वाटतं ते. सहा महिन्यांनी हवं तर लिहा, पण तीन आठवड्यांत नको.

हवाबाण | २१ जुलै, रात्र

सगळ्यांचं ऐकून नवा मेल केलाय. जुन्या मेललाच उत्तर म्हणून पाठवणार, म्हणजे कोटेशन खाली दिसत राहील. प्रत मेंटेनन्सच्या साहेबांना. त्यांना आधी फोन करून विचारलं, ते "चालेल" म्हणाले. कॅटलॉग नाही.

> विषय: आपली कॉम्प्रेसर एन्क्वायरी: ड्रायरसह सुधारित किंमत, आणि रविवारी गळती चाचणी
>
> मॅडम,
> आमच्या २७ जूनच्या कोटेशनमध्ये ड्रायरची किंमत दिली नव्हती. पावडर कोटिंगला तो लागेल, त्यामुळे तुलना करताना आपली अडचण झाली असेल. सोबतच्या एका पानावर मशीन, ड्रायर, दोन फिल्टर, चाकणपर्यंतची वाहतूक आणि बसवणी धरून एकच आकडा दिला आहे. हवेचा आकडा ७ बारचा आहे. इतर कोटेशनमध्ये तो कोणत्या दाबाचा आहे हे पाहून घ्यावे.
>
> मशीनचा आकार ठरवण्याआधी लाइनमधली गळती मोजलेली बरी. रविवारी २७ जुलैला सकाळी आमचा इंजिनियर येऊन तासाभरात मोजून देईल, शुल्क नाही. गेट पाससाठी त्याचे नाव शुक्रवारपर्यंत कळवावे लागेल, म्हणून रविवार सोयीचा आहे का एवढेच कळवावे.
>
> कोटेशनची वैधता २७ जुलैला संपते. मशीनची किंमत बदललेली नाही, वैधता ३१ ऑगस्टपर्यंत वाढवत आहोत.

घसाऱ्याची ओळ काढून टाकली. पर्चेसच्या बाईंना त्याचं काय.

सीए_मंदार | २१ जुलै

बरोबर केलंत. ती मालकांशी बोलताना वापरा.

रजनी_पर्चेस | २२ जुलै

हा मी पुढे पाठवला असता. "एवढेच कळवावे" चांगलं आहे, त्याचं उत्तर मला साहेबांना न विचारता देता येतं. फक्त "तुलना करताना आपली अडचण झाली असेल" काढा, उगाच चूक दाखवल्यासारखं होतं. आणि वैधता मागितल्याशिवाय का वाढवली? ती मला मागू द्यायची होती, तेवढ्यासाठी तरी मी फोन केला असता.

विंडोसीट | २२ जुलै

वैधतेबद्दल असहमत. संपलेलं कोटेशन दिसलं की लोक नवीन मागवण्याचा कंटाळा करतात.

हवाबाण | २३ जुलै

अडचणीची ओळ काढली, वैधता ठेवली. काल सकाळी दहाला पाठवला. चारला उत्तर आलं, पर्चेसकडून नाही, मेंटेनन्सच्या साहेबांकडून: "संडे ओके. कम बाय ९."

घाऱ्या | २३ जुलै

मंडळी, बँडवाल्याला सांगा!

हवाबाण | २८ जुलै

काल चाचणी झाली. मी स्वतः गेलो. सहा फेऱ्यांची सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद लोड, तीन मिनिटं अनलोड. बापूंनी कुंडली मांडली होती का? निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ३८ सीएफएम. शेडमध्ये शांतता असल्याने नुसत्या कानाने अकरा जागा सापडल्या, त्यातल्या चार तर एकाच प्रेसवर. साहेब स्वतः साबणाचं पाणी घेऊन फिरत होते.

बापू मिरजकर | २८ जुलै

छान. पण एक सांभाळा. जुन्या पिस्टन मशीनवर लिहिलेले ७५ हे बहुधा सिलिंडरच्या आकारावरून काढलेलं विस्थापन असतं. प्रत्यक्ष हवा त्याहून बरीच कमी येते, झिजलेल्या रिंगांवर तर आणखी कमी. म्हणजे गळतीही ३८ नाही, ३० च्या आत-बाहेर असेल. आणि तुमचे मूळ १५० सुद्धा खरे १५० नाहीत.

हवाबाण | २८ जुलै

तिथेच तर अडलंय. साहेब म्हणाले, गळती बुजवतो, मग ३० किलोवॅटचं मशीन पुरेल ना? आमच्या ३० वाल्याला ७ बारला १८५ येतात. कागदावर बसतं. पण गळती सहा महिन्यांनी परत उगवते, आणि दुसरा बूथ लागल्यावर दाब पडला तर शिव्या मलाच.

फाउंड्रीवाला_कोल्हापूर | २८ जुलै

मी म्हटलं होतं. दीड-दोन लाखांची ऑर्डर कमी झाली ना?

बापू मिरजकर | २८ जुलै

३० द्या, आणि दोन जुन्यांपैकी बरा असेल तो राखीव म्हणून लाइनला जोडलेला ठेवा. दुपारच्या तासाभराला तो मदत करेल. आणि हे कोटेशनमध्ये लेखी लिहा: कोणत्या गळतीवर हा आकार धरलाय ते.

चार्वाक२ | २८ जुलै

मी ३७ वरच अडून बसलो असतो. ज्याला त्याला.

हवाबाण | १ ऑगस्ट

बापूंचं ऐकलं. २८ लाच संध्याकाळी ३० किलोवॅटचं कोटेशन पाठवलं. ड्रायरसकट, एका पानात, गळतीचा आकडा लिहून, दोघांनाही.

आज चौथा दिवस. चिडीचूप.

रजनी_पर्चेस | १ ऑगस्ट

महिनाअखेर होती हो. सोमवारी फोन करा, अकराच्या नंतर.